‘लोकांना काय वाटतं’ हे विचारण्याआधी: आत्तीच्या डब्याच्या कामाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

आत्तीचा डब्याचा व्यवसाय कोल्हापुरात राजारामपुरीत ११ वर्षं चालू आहे. गेल्या जुलैत रात्रीचे १४२ डबे जायचे, आज ११८ जातात. दादाने, म्हणजे आत्तीच्या मोठ्या मुलाने, महिन्यापूर्वी एक फॉर्म करून ग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. आज त्याने तो मला दाखवला. मी सात वर्षं सर्वेक्षणाच्या कामात आहे, म्हणून घरातलं हे काम माझ्याकडे आलं, आणि मलाही ते मनापासून हवं होतं.

फॉर्ममध्ये २२ प्रश्न. ‘चव आणि दर्जा कसा वाटतो?’ याला पाचपैकी सरासरी ४.४. शेवटी ‘आमच्या डब्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ त्याखाली ३१ जणांची उत्तरं, आणि त्यातली बहुतेक ‘छान’, ‘एक नंबर’, ‘मस्त’ अशी.

मी दादाला विचारलं, “४.४ च्या जागी ३.९ आला असता तर तू उद्यापासून काय बदललं असतंस?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “तसं काहीच नाही.” मग ४.८ आला असता तरी काही बदललं नसतं. कुठल्याही उत्तराने काहीच हलणार नसेल, तर तो प्रश्न कितीही सुबक भाषेत लिहिला तरी वाया जातो.

‘चव आणि दर्जा’ एकत्र विचारणं हीसुद्धा चूकच. चव आवडते पण चपात्या वातड असतात असं वाटणाऱ्याने काय भरायचं? पण ती दुरुस्ती नंतरची. आज फॉर्म बंद केला आणि प्रश्न लिहायला बसले नाही. उद्या आत्तीशी बोलायचं.

८ जुलै

दुपारचे डबे गेल्यावर आत्ती मोकळी झाली. तिला विचारलं, “तुला नेमकं काय कळायला हवंय?” ती म्हणाली, “लोकांना आपल्या डब्याबद्दल काय वाटतं ते कळू दे की.” हे वाक्य मी कामात शेकडो वेळा ऐकलंय. त्यात खोट काही नाही, काळजी खरी असते. पण ‘काय वाटतं’ याला शेवट नसतो. म्हणून प्रश्न फिरवला: “दिवाळीपर्यंत तुझ्या हातात असलेल्या कुठल्या गोष्टी तू खरंच बदलू शकतेस?”

आता ती भराभरा बोलायला लागली. रात्रीचा डबा शेवटच्या फेरीत काही ठिकाणी पावणेनऊला पोचतो, आणखी एक मुलगा ठेवला तर सगळे डबे आठपर्यंत जातील. त्याला महिना ९,००० रुपये द्यावे लागतील. दुसरं, रस्सा कमी तिखट करता येईल, किंवा दोन तऱ्हेचा करता येईल. तिसरं, दोन चपात्यांचा छोटा डबा कमी दरात सुरू करता येईल.

“आणि काय बदलणार नाहीस?”

“दर आत्ता उतरवणार नाही. स्वयंपाक घरातच करणार. बुधवारी-रविवारी मांसाहारी, त्यात बदल नाही. मी सांगतो तुला, तिथं हात लावलास तर घरात भांडण हुईल.”

दादाच्या २२ प्रश्नांपैकी ९ याच न बदलणाऱ्या गोष्टींबद्दल होते. दर कसा वाटतो हे विचारायचं, लोकांनी ‘जास्त’ म्हणायचं आणि आपण काहीच करायचं नाही, यात विचारणाऱ्याचीच पत जाते. ते नऊ प्रश्न तिथेच काढले.

आत्तीकडे दिवाळीपर्यंत एवढ्यापैकी एकाच गोष्टीसाठी पैसे आहेत. म्हणजे आपला खरा प्रश्न असा: मुलगा, रस्सा आणि छोटा डबा, या तिन्हींपैकी आधी काय? हे वाक्य कागदावर लिहून स्वयंपाकघरात चिकटवलं. प्रत्येक नवीन प्रश्न त्याच्यासमोर धरून बघायचा.

१० जुलै

कोणाला विचारायचं, हा आजचा विषय. दादाने आत्ताच्या ग्राहकांना विचारलं होतं. पण डबे कमी झाले ते गेलेल्यांमुळे. जे गेले त्यांचा आवाज ग्रुपवर येणारच नाही, कारण डबा बंद करताना माणूस ग्रुपही सोडतो. राहिलेले लोक म्हणजे ज्यांना जमलं ते. त्यांनी ४.४ देणं स्वाभाविक आहे.

यावरून १९३६ची अमेरिकेची निवडणूक आठवली. ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, मोठ्या फरकाने. एवढ्या आकड्याचा काही उपयोग झाला नाही, कारण पत्रिका ज्यांना गेल्या आणि ज्यांनी परत पाठवल्या ते सगळ्या मतदारांसारखे नव्हते. दादाला हेच सांगायचं होतं: ३१च्या जागी ३१० उत्तरं आली असती तरी तीच गोष्ट.

आत्तीची जाड वही काढली. तिच्यात नाव, पत्ता, सुरू तारीख, बंद तारीख. मार्च ते जूनमध्ये ६१ डबे बंद झाले. आत्तीला प्रत्येक माणूस आठवतो, हे माझं नशीब. कोर्स संपून गावी गेलेले, बदली झालेले, लग्न झालेले मिळून ३४. ते कुठल्याही सोयीने थांबले नसते. उरले २७, जे अजून कोल्हापुरातच आहेत आणि कुठेतरी रोज रात्री जेवतात. हे २७ जण आपल्यासाठी सगळ्यात मोलाचे. आत्ताचे ११८ दुसरा गट. दोघांचे प्रश्न वेगळे असणार.

११ जुलै

प्रश्न लिहिण्याआधी मी नेहमी रिकामा तक्ता काढते. उत्तरं आली असं समजून शेवटी कोणता तक्ता समोर हवा आहे तो आधीच आखायचा, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. ज्या प्रश्नाचं उत्तर तक्त्यातल्या एकाही चौकटीत बसत नाही, तो प्रश्न नकोच.

आजचा तक्ता साधा आहे. आडव्या ओळी तीन: वेळ, रस्सा, डब्याचा आकार. उभे रकाने दोन: गेलेले २७, आत्ताचे ११८. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘इतके आले तर हे करायचं’.

तो शेवटचा रकाना भरताना सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. महिन्याचा डबा २,१०० रुपयांना, म्हणजे दिवसाला ७० रुपये. त्यात जिन्नस आणि गॅस मिळून ४८ जातात. उरतात २२, म्हणजे महिन्याला एका डब्यामागे ६६०. मुलाचे ९,००० सुटायला १४ डबे लागतात. म्हणून लिहून ठेवलं: वेळेमुळे गेलेले, आणि आत्ताच्यांपैकी आठवड्यात दोनदा किंवा जास्त वेळा डबा यायच्या आधीच बाहेर खाऊन घेणारे, यांची बेरीज १४ किंवा जास्त भरली तर मुलगा ठेवायचा. कमी भरली तर नाही.

आत्तीला हा आकडा आधी ठरवणं विचित्र वाटलं. “उत्तरं आल्यावर बघू की.” मी आग्रह धरला. उत्तरं आल्यावर ठरवायला बसलं की आपल्याला जे आधीपासून करायचं होतं, त्याच बाजूने आकडा वाचला जातो. दादाला मुलगा हवाच आहे, कारण शेवटची फेरी तोच मारतो. त्याला दोष नाही, पण म्हणूनच हा आकडा आज कागदावर हवा.

१२ जुलै

आज सकाळी मोरीपाशी बसले. धुवायला आलेले कालचे १०९ डबे एकेक करून उघडले. चपात्यांचा डबा जवळजवळ सगळ्यांचा रिकामा. भाजीही संपलेली. पण ३७ डब्यांत रश्श्याची वाटी अर्ध्याहून जास्त भरलेली, वर तांबडा तवंग थिजलेला, बटाट्याच्या फोडी मात्र वेचून खाल्लेल्या.

हे मोजायला कोणाला काही विचारावं लागलं नाही. लोक किती रस्सा टाकतात हे विचारलं असतं तर ‘क्वचित’ असं उत्तर आलं असतं. माणूस खोटं बोलतो म्हणून नव्हे, वाटी धुणारा तो नसतो म्हणून. जे डोळ्यांनी दिसतं ते विचारू नये, ते मोजावं. विचारायचं ते फक्त ‘का’.

आत्तीचा अंदाज लगेच तयार होता: “तिखट होतंय पोरांना.” तिच्या डोक्यात कमी तिखट रश्श्याची पाककृतीही सुरू झाली. मी ‘का?’ असं तक्त्यात लिहिलं आणि पुढे गेले.

१४ जुलै, सोमवार

आज प्रश्न लिहिले. सगळ्यात जास्त खाडाखोड तिखटाच्या प्रश्नावर झाली.

पहिला मसुदा: ‘रस्सा जास्त तिखट वाटतो का?’ हा प्रश्न कोल्हापुरात चालणार नाही. इथल्या मुलाला ‘हो, मला तिखट लागतं’ हे म्हणायला कमीपणा वाटतो. बाहेरून शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेली पोरंही चार महिन्यांत तेच शिकतात. उलट ज्याला काही खास मत नाही तो ‘हो’ला हो म्हणून मोकळा होतो. दोन्ही बाजूंनी उत्तर वाकतं.

दुसरा मसुदा: ‘रश्श्याचा तिखटपणा कसा वाटतो? खूप कमी, कमी, योग्य, जास्त, खूप जास्त.’ हा बरा, पण यात रस्सा उरण्याचं कारण तिखटच आहे असं आपणच गृहीत धरलंय.

तिसरा, जो ठेवला: ‘काल रात्रीच्या डब्यातला रस्सा उरला का?’ आणि उरला असेल तर ‘का उरला, तुमच्या शब्दांत एका ओळीत लिहा.’ कारणांची यादी मुद्दाम दिली नाही. यादी दिली की लोक यादीतलंच निवडतात, आणि आपल्याला न सुचलेलं कारण कधीच कळत नाही.

वेळेच्या प्रश्नातही तेच. ‘डबा वेळेवर येतो का?’ यात वेळेवर म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्याऐवजी: ‘गेल्या सोमवार ते शनिवार (७ ते १२ जुलै) किती दिवस डबा यायच्या आधीच भूक लागून तुम्ही बाहेर काही खाल्लंत?’ पर्याय ०, १, २, ३ किंवा जास्त. सहा दिवस ठरलेले, कृती ठरलेली. रविवार ६ जुलैला आषाढी एकादशी होती, त्या दिवशीचं खाणं नेहमीचं नसतं, म्हणून आठवडा सोमवारपासून धरला. २५ तारखेला श्रावण लागतो, तेव्हा मांसाहारी डबे बंद होऊन सगळं बदलतं. म्हणजे सगळं २४च्या आत उरकायला हवं.

छोट्या डब्याबद्दल ‘सुरू केला तर घ्याल का?’ असं विचारायचा दादाचा आग्रह होता. ते मी ठाम नाकारलं. न केलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. त्याऐवजी: ‘काल रात्री डब्यातल्या चारपैकी किती चपात्या खाल्ल्या?’

आत्ताच्या ग्राहकांसाठी एवढे चार प्रश्न बस्स. डबा वाटणाऱ्या मुलाच्या हाती कागद द्यायचे नाहीत. तो दारात उभा असताना ‘डबा उशिरा येतो’ असं कोण लिहील?

१६ जुलै

चार जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला सांगितले आणि उत्तर देताना मनात काय येतंय तेही बोलायला सांगितलं. अर्धा-अर्धा तास गेला.

नागपूरकडच्या एका विद्यार्थिनीने रश्श्याच्या प्रश्नाला ‘मी शाकाहारी आहे’ म्हणून सोडून दिलं. तिच्यासाठी रस्सा म्हणजे तांबडा-पांढरा, मटणाचा. डब्यातल्या बटाट्याच्या रश्श्याला ती ‘पातळ भाजी’ म्हणते. प्रश्नात आता ‘रस्सा किंवा पातळ भाजी (वाटीतली)’ असं आहे.

उद्यमनगरातल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या एकाने वेळेचा प्रश्न वाचून हसून सांगितलं, तो रात्री अकराला खोलीवर येतो, डबा नऊला आला काय आणि आठला आला काय. त्याचं उत्तर ० येईल आणि ते बरोबरच आहे, त्यामुळे तिथे काही बदललं नाही.

गेलेल्यांसाठीचा प्रश्न मात्र पार बदलला. मी लिहिलं होतं, ‘डबा का बंद केलात?’ एका जुन्या ग्राहकावर तो करून बघितला. तो लगेच सावरून बसला आणि म्हणाला, “नाही ओ ताई, डबा चांगलाच होता. मध्ये गावाला गेलो, मग राहून गेलं.” ‘का’ म्हटलं की माणसाला जाब विचारल्यासारखं होतं, आणि तो आत्तीचं मन राखायला बघतो. मग मी विचारलं, “बंद करायचं ठरवलंत तो दिवस आठवतो? त्या दिवशी काय झालं होतं?” तो थांबला. मग सांगितलं, शनिवारी गावी जाऊन सोमवारी आला होता, डबा दोन रात्री खाल्ला नव्हता, आणि महिन्याचे पैसे पूर्ण द्यावे लागले.

हे आमच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

आता फोनवर विचारायचे प्रश्न तीन: तो दिवस आठवतो का, काय झालं होतं? त्यानंतरच्या आठवड्यात रात्री कुठे जेवत होता? आणि त्या जागी आपल्या डब्यापेक्षा काय वेगळं होतं? शेवटच्या प्रश्नात ‘चांगलं’ म्हटलं नाही, ‘वेगळं’ म्हटलं.

१९ ते २२ जुलै

फोन मीच केले, आत्तीने नाही. पहिल्याच वाक्यात सांगितलं की कोणी काय म्हटलं ते नावानिशी आत्तीला कळणार नाही. २७पैकी २१ जण लागले, तिघांनी नको म्हटलं, १८ बोलले. आत्ताच्या ११८ जणांना १५ तारखेला वैयक्तिक संदेश पाठवले होते (रश्श्याचा शब्द बदलल्यावर १६ला दुरुस्त करून पुन्हा), आणि एक आठवण. ५२ उत्तरं आली.

२४ जुलै, गुरुवार

तक्ता भरला.

गेलेल्या १८ जणांपैकी वेळेमुळे ४. तिखटामुळे २. इतर कारणं ३. आणि ९ जणांनी आपापल्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली: न खाल्लेल्या दिवसांचे पैसे. आत्ती सलग चार दिवस डबा बंद असेल तरच खाडा धरते. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्याचा खाडा कधीच होत नाही. कागल, गडहिंग्लज, राधानगरीकडची मुलं दर आठवड्याला जातात. महिन्यात आठ-आठ डब्यांचे पैसे ते न खाता भरत होते.

आत्ताच्या ५२पैकी आठवड्यात दोनदा किंवा जास्त वेळा बाहेर खाणारे ३. दादा म्हणाला, “पण ६६ जणांनी उत्तरच दिलं नाही. त्यांच्यात उशिरामुळे वैतागलेलेच जास्त असतील तर?” अगदी योग्य शंका. त्या ६६ मधून चिठ्ठ्या टाकून १० नावं काढली आणि आज फोन केले. नऊ जण लागले, त्यांच्यात असा एक. ५२ मध्ये ३ या प्रमाणात ११८ मध्ये सुमारे ७ होतात, गेलेले ४ धरून ११. आधी लिहिलेल्या १४ पेक्षा कमी. फरक फार नाही आणि आपली संख्याही लहान आहे, म्हणून ‘वेळेची अडचण नाहीच’ असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की ९,००० रुपये आत्ता तिथे घालण्याइतकी ती मोठी दिसत नाही.

रस्सा उरल्याचं १९ जणांनी सांगितलं. का, याला चौघांनी तिखट लिहिलं. बारा जणांनी लिहिलं ते साधारण असं: ‘भात थोडा असतो, रस्सा वाटीभर, भात संपला की रस्सा उरतो.’ तिघांनी कारण लिहिलं नाही. म्हणजे आत्तीने रस्सा फिका केला असता तर वाट्या तशाच भरून परत आल्या असत्या, आणि ज्यांना आवडतो त्यांचीही चव गेली असती. तिने दोन दिवस त्याच पाककृतीचा विचार केला होता. उत्तर ऐकून तिने लहान वाट्यांचा डबा उतरवून काढला आणि म्हणाली, “मग वाटीच बारकी करू की.”

चपात्या ५२पैकी ४१ जणांनी चारही खाल्ल्या. छोटा डबा बाजूला.

१ ऑगस्ट

आजपासून खाड्याचा नवा नियम. सकाळी दहाच्या आत संदेश आला तर त्या रात्रीचा खाडा, आठवड्याला जास्तीत जास्त दोन. खाड्याचे ४५ रुपये कापायचे, पूर्ण ७० नाही. जिन्नस आणि गॅस मिळून ४८ वाचतात, त्यामुळे आत्तीचं नुकसान होत नाही, आणि आठ दिवस गावी जाणाऱ्याला महिन्याला ३६० रुपये परत मिळतात. खाड्याबद्दल बोललेल्या नऊ जणांना मी स्वतः फोन करून हे सांगितलं. दोघांनी आजपासून डबा सुरू केला.

आत्तीने वहीत नवीन पानावर उभी रेघ मारून ‘खाडा’ असा रकाना आखला. बंद झालेल्या डब्यांसमोर ‘त्या दिवशी काय झालं’ असा दुसरा रकाना तिने स्वतःहून जोडला. सप्टेंबरअखेर तो वाचायचा ठरलंय.